पुतळा हुबेहूब झाला, तरी बघवत का नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावात अर्धपुतळे करतो. बहुतेक घरगुती कामं असतात: गेलेले वडील, आजोबा, एखाद्या गावच्या शाळेचे जुने गुरुजी. खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातून लोक फोटो घेऊन येतात आणि काम सुरू होण्याआधी, मध्ये आणि झाल्यावरसुद्धा जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. गणपतीचे मूर्तिकार, गौरीचे मुखवटे रंगवणारे आणि कॉम्प्युटरवर पात्रं बनवणारी मुलंही हेच प्रश्न विचारतात, म्हणून त्यांचेही घेतले आहेत.

१. चेहरा तंतोतंत जमलाय असं सगळे म्हणतात. मग बघताना कसंतरी का होतं?

कारण तो तंतोतंत नसतो. जवळजवळ तंतोतंत असतो, आणि त्रास त्या ‘जवळजवळ’चाच असतो.

गोकाकची रंगवलेली फळं तुम्ही पाहिली असतील. सीताफळ, आंबा, केळी इतकी खरी वाटतात की हात पुढे जातो. ती खोटी आहेत हे कळल्यावर कुणाच्या अंगावर काटा येत नाही, उलट गंमत वाटते. फळाच्या रंगात थोडी चूक राहिली तर आपण तिच्याकडे बघतही नाही. माणसाच्या चेहऱ्याचं तसं नाही. जन्मल्यापासून आपण चेहरेच वाचत आलेलो असतो. समोरच्याची पापणी एका केसाने खाली आली तरी तो दमलाय, चिडलाय की आजारी आहे हे आपल्याला कळतं. पुतळा साधा असेल तर ही नजर जागीच होत नाही, कारण समोर दगड आहे हे तिला ठाऊक असतं. पुतळा माणसाच्या फार जवळ गेला की ती जागी होते आणि जिवंत माणसाला लावते त्याच कसोट्या लावू लागते. त्यात चेहरा नापास होतो आणि मनात एकच निकाल उमटतो: या माणसाचं काहीतरी बिघडलंय. काय बिघडलंय ते मात्र सांगता येत नाही.

२. याला काही नाव आहे का?

आहे. जपानमधले रोबोटशास्त्राचे प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी १९७० साली ‘एनर्जी’ नावाच्या मासिकात एक छोटा लेख लिहिला आणि या प्रकाराला ‘बुकिमी नो तानी’ म्हटलं. इंग्रजीतून तेच नाव ‘अनकॅनी व्हॅली’ म्हणून सगळीकडे गेलं. तानी म्हणजे दरी. त्यांची कल्पना अशी: वस्तू माणसासारखी दिसत जाते तसा तिच्याबद्दलचा आपलेपणा वाढत जातो, पण अगदी माणसाजवळ पोचता पोचता तो एकदम कोसळतो आणि पूर्ण माणूस झाल्यावरच पुन्हा वर येतो. मधला खड्डा म्हणजे ही दरी. खड्ड्याच्या तळाशी त्यांनी प्रेत ठेवलं होतं. घरच्या पुतळ्यांच्या बाबतीत ते का महत्त्वाचं आहे, हे प्रश्न ९ मध्ये येईल.

त्याच लेखात मोरींनी एक सल्ला दिला आहे, आणि माझ्या धंद्यात मला तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडला. पलीकडच्या शिखरावर जायच्या नादात दरीत पडू नका, अलीकडच्या शिखरावर थांबा. त्यांचं उदाहरण लाकडी हाताचं होतं. बुद्धमूर्ती घडवणाऱ्या कारागिराने कोरलेला लाकडी हात, लाकडाचाच रंग ठेवलेला, लोकांना सुंदर वाटतो. कातडीच्या रंगाचा कृत्रिम हात मात्र हातात घेतल्यावर थंडगार लागतो आणि आपण दचकतो.

ही दरी प्रत्येक प्रयोगात मोरींच्या आलेखासारखी नीट दिसतेच असं नाही. तिच्या आकाराबद्दल आणि कारणांबद्दल संशोधकांत वाद आहे. पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते, ती पुढच्या प्रश्नात.

३. नेमकं काय बिघडतं?

मेळ बिघडतो. चेहऱ्याचा एक भाग खऱ्याच्या जवळ गेलेला असतो आणि दुसरा मागे राहिलेला असतो.

जपानमध्येच सेयामा आणि नागायामा यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बाहुलीचा चेहरा हळूहळू खऱ्या माणसाच्या चेहऱ्यात बदलत नेला आणि मधल्या टप्प्यांवर लोकांना काय वाटतं ते पाहिलं. नुसतं मधे असणं फारसं खटकलं नाही. चेहऱ्यात काही अस्वाभाविक असेल, उदाहरणार्थ डोळे प्रमाणाबाहेर मोठे, तेव्हा खटकलं. आणि तेच मोठे डोळे बाहुलीच्या चेहऱ्यावर चालून गेले, खऱ्याच्या जवळ गेलेल्या चेहऱ्यावर नाही.

याचा सरळ अर्थ असा की चुकीला किती माफी मिळेल हे बाकीचा चेहरा किती खरा आहे त्यावर ठरतं. कातडी जितकी खरी कराल तितके डोळे बिनचूक लागतील. कातडी साधी ठेवलीत तर डोळ्यांना मोकळीक मिळते. म्हणून ‘अजून थोडं खरं करू’ असं म्हणून फक्त मिशा खऱ्या केसांच्या लावल्या की चेहरा सुधारत नाही, बाकीचं सगळं उघडं पडतं.

४. शैलीकरणाची पायरी म्हणजे काय? अशा पायऱ्या किती?

ही माझी कामापुरती विभागणी आहे. कुणी चार करेल, कुणी सात.

पहिल्या पायरीवर फक्त खूण असते: देवीचा चांदीचा मुखवटा, त्यावर बसवलेले मोठे डोळे. सौंदत्तीच्या वाटेवर असे मुखवटे घेऊन जाणाऱ्या बायका आपण लहानपणापासून पाहिल्या आहेत. ते डोळे माणसाचे मुळीच नाहीत आणि त्यांची नजर चुकवावीशीही वाटत नाही. दुसरी पायरी खेळण्याची, म्हणजे लाकडी राजा-राणी, गोल गाल, ठिपक्याचे डोळे. तिसरीवर गणपतीच्या सुबक मूर्तीसारखा चेहरा येतो. अवयव पटतात, पण रेषा कारागिराच्या असतात. चौथीवर विशिष्ट माणसाचं साधर्म्य असतं, पण द्रव्य एकच आणि रंग एकच: दगड, ब्राँझ, भाजलेली माती. पाचवी पायरी जिवंत भासाची, म्हणजे कातडीचा रंग, काचेचे डोळे, खरे केस, अंगावर कापडाचे कपडे.

दरी चौथी आणि पाचवीच्या मधे आहे. पाचवीवर पोचणं अशक्य नाही (प्रश्न १५ पाहा), पण तिथे पोचायला निघालेले बहुतेक जण मधेच राहतात. नियम एकच ठेवायचा: डोळे, कातडी, केस, कपडे, सगळं एकाच पायरीवर. काहीतरी वर न्यायचं असेल तर सगळं वर न्या, नाहीतर सगळं खाली ठेवा.

५. आमच्या अप्पांचा पुतळा करायचाय. ‘आत्ता बोलतील’ असा पाहिजे. कुठली पायरी घ्यावी?

चौथी. का, ते माझ्या हातून बिघडलेल्या एका कामावरून सांगतो.

निपाणीजवळच्या एका तंबाखूच्या शेतकरी कुटुंबाने मला हेच शब्द सांगितले होते, आत्ता बोलतील असा. मी फायबरमध्ये, बरोबर माणसाएवढ्या मापाचा अर्धपुतळा केला. मातीत चेहरा चांगला उतरला होता, साचा घेईपर्यंत सगळे खूश होते. मग मी त्याला काचेचे डोळे बसवले, गव्हाळ रंग दिला, खऱ्या केसांची मिशी चिकटवली आणि डोक्यावर खरी पांढरी टोपी ठेवली. पुतळा घरी नेऊन कपडा काढला. चार वर्षांचा नातू सरळ पुढे गेला आणि मिशीला हात लावू लागला. आजींनी एकदा पाहिलं, पदर तोंडाशी धरला आणि म्हणाल्या, “आमचंच हैत, खरं आमचं न्हवंत.” आणि आत गेल्या. पुतळा आठवडाभर कपड्याखाली होता. मी तो परत आणला.

आधी मी चूक वरच्या दिशेने सुधारायला गेलो. मोजल्यावर कळलं की काचेच्या डोळ्यातलं बुबुळ १३ मिलिमीटर होतं. मोठ्या माणसाचं साधारण साडेअकरा ते बारा असतं. वरची पापणी बुबुळाला नुसती टेकत होती, झाकत नव्हती, त्यामुळे अप्पा कायमचे दचकलेले दिसत होते. दोन्ही डोळे सारखेच उघडे होते. फोटोत मात्र उजवी पापणी स्पष्ट खाली होती. मी लहान बुबुळाचे डोळे आणले, पापणी खाली घेतली. पुतळा अप्पांच्या आणखी जवळ गेला आणि आणखी वाईट दिसू लागला. आता ओठ उघडे पडले, त्यानंतर कानामागचा रंग. एक मिटवलं की दुसरं पुढे येत होतं. हे चिन्ह ओळखायला शिका. दुरुस्ती केल्यावर अस्वस्थता कमी न होता दुसरीकडे सरकत असेल, तर पायरीच चुकली आहे.

मग मी खाली आलो. काचेचे डोळे काढून खाचा इपॉक्सी पुट्टीने भरल्या आणि डोळे कोरले. मिशीचे केस सोलून काढले आणि मिशी तीन-चार जाड गुच्छांत घडवली. टोपीही त्याच द्रव्यात केली. सगळ्यावर गडद तपकिरी रंगाचा थर देऊन उंचवट्यांवर तांबूस छटा कोरड्या ब्रशने घासली, जुन्या ब्राँझसारखी. पापण्यांचा कमीजास्तपणा तेवढा जपला.

दुसऱ्यांदा नेला तेव्हा आजी समोर बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या की टोपी इतकी सरळ कधीच नसायची, डाव्या कानाकडे कललेली असायची. आणि मग ती टोपी कुठून घ्यायचे, बाजाराला कसे जायचे, हे सांगू लागल्या. पुतळ्याबद्दल बोलणं थांबून माणसाबद्दल सुरू झालं की काम जमलं असं मी तेव्हापासून समजतो.

६. डोळ्यांचं एवढं काय? बाकी चेहरा चांगला असेल तर चालत नाही का?

नाही चालत. चेहऱ्यात जीव आहे की नाही हे आपण मुख्यतः डोळ्यांवरून ठरवतो. लूसर आणि व्हीटली यांनी २०१० साली बाहुल्यांचे चेहरे खऱ्या चेहऱ्यांत बदलत नेऊन हेच तपासलं. ‘हा जिवंत आहे’ असं लोकांना वाटू लागतं ती जागा मानवी टोकाच्या बरीच जवळ निघाली, आणि तो निर्णय सर्वात जास्त डोळ्यांवरून होत होता. आपल्याकडे गणपतीच्या डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जाणत्या हाताकडून होते, ते उगीच नाही.

कोरीव डोळ्याची जुनी युक्ती अशी आहे. डोळ्यातली बाहुली रंगवायची नाही, तिथे खळगा घ्यायचा आणि त्यात वरच्या बाजूला द्रव्याचा एक लहान कण न कापता ठेवायचा. खळग्यात सावली पडते, ती काळी बाहुली होते. कणावर उजेड पडतो, ती डोळ्यातली चमक होते. बघणारा चालत गेला की सावली सरकते आणि नजर बदलल्यासारखी वाटते. रंगवलेली चमक जागची हलत नाही, म्हणून ती थिजलेली दिसते.

पायरी कुठलीही असो, दोन गोष्टी तपासा. शांत चेहऱ्यात वरची पापणी बुबुळाचा वरचा एक-दोन मिलिमीटर भाग झाकते आणि खालची पापणी त्याच्या कडेला टेकते. बुबुळाच्या वर पांढरं दिसलं की भीती दिसते. दुसरं म्हणजे दोन्ही डोळे एकाच बिंदूकडे बघतायत का. काचेचा एक डोळा बसवताना किंचित फिरला तरी पुतळा तुमच्या पलीकडे कुठेतरी बघत राहतो.

७. कातडीचा रंग नेमका जुळवला, तरी मेणचट किंवा मेल्यासारखं का दिसतं?

कातडीचा रंग पृष्ठभागावर नसतो. उजेड कातडीत थोडा आत शिरतो, पसरतो आणि रक्ताची लाली घेऊन बाहेर येतो. उन्हाकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाचे कान पाहा, लाल उजळलेले दिसतील. रंगाचा थर उजेड वरूनच परत पाठवतो. त्यामुळे रंगपेटीवर छटा अगदी बरोबर असली तरी चेहऱ्यावर ती आटलेली दिसते. त्यात एकाच छटेने कपाळ, गाल, नाक सगळं रंगवलं की रक्त नसलेला चेहरा तयार होतो.

यावर माझा उपाय रंग सुधारायचा नाही, रंग सोडायचा. एकरंगी पुतळ्यात बघणारा कातडी शोधतच नाही. खानापूरच्या लाल मातीत भाजलेला चेहरा पाहा. कुणीही म्हणत नाही की माणूस एवढा लाल कसा. शाळेच्या वगैरे कामात रंग हवाच असेल तर दोन-तीन सपाट, उघडपणे चित्रासारख्या छटा वापरा आणि चमकदार व्हार्निश टाळा. ते चेहऱ्यावर घामासारखं दिसतं.

८. माणसाएवढाच आकार ठेवावा का?

घरात, शक्यतो नको. माणसाच्या मापाचा, माणसाच्या उंचीवर ठेवलेला चेहरा संध्याकाळच्या उजेडात कुणीतरी बसल्यासारखा दिसतो. पाऊण माप घ्या. चौकात किंवा शाळेच्या अंगणात उलट सव्वापट घ्या, कारण उघड्यावर नेमक्या मापाचा पुतळा लहान भासतो.

९. फोटो कुठला द्यायचा? शेवटचा फोटो अगदी स्पष्ट आहे.

शेवटचा नको. आजारपणातल्या चेहऱ्याचे स्नायू सैल पडलेले असतात, गाल आत गेलेले असतात, तोंडाची रेघ सरळ होते. फोटोत ते चालून जातं, कारण तो एका क्षणाचा आहे हे आपल्याला माहीत असतं. पुतळ्यात तेच कायमचं होतं आणि मोरींनी दरीच्या तळाशी ठेवलेली गोष्ट घरच्यांना आठवते.

मोबाइलवर हातभर अंतरावरून काढलेला फोटोही एकटा वापरू नका. कॅमेरा जवळ असला की पुढचं मोठं आणि मागचं लहान दिसतं. सुमारे एक फुटावरून घेतलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ तीस टक्के रुंद दिसतं, असा हिशेब २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मांडला होता. अशा फोटोवरून मोजून केलेला पुतळा मोजमापाला बरोबर आणि माणसाला चूक निघतो. मला लागतात ते असे: लांबून काढलेला समोरचा एक, बाजूचा एक, आणि लग्नाकार्यातला बेसावध हसतानाचा एक. तिसरा फोटो सगळ्यात जास्त कामाला येतो. माणूस खरा हसतो तेव्हा डोळ्यांभोवतीचा स्नायू आवळतो आणि खालची पापणी वर येते. ओळखपत्रावरचं हसू फक्त ओठांचं असतं.

१०. साधं केलं तर ओळख जाणार नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि त्यामागची भीती समजण्यासारखी आहे. पण ओळख आणि खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रातला नेता चार रेघांत ओळखू येतो. १९८७ मध्ये ऱ्होड्स, ब्रेनन आणि केरी यांनी ओळखीच्या माणसांची साधी रेखाचित्रं आणि वैशिष्ट्यं थोडी वाढवलेली रेखाचित्रं लोकांना दाखवली. वाढवलेली चित्रं लवकर ओळखली गेली.

त्यामुळे साधं करायचं म्हणजे सगळं सारखं गुळगुळीत करायचं नाही. त्या माणसाचं जे वेगळं आहे ते ठेवायचं, थोडं वाढवायचं, आणि जे सगळ्यांचंच असतं ते सोडून द्यायचं. निपाणीच्या अप्पांच्या कामात मी चार गोष्टी ठेवल्या: उजव्या डोळ्याची उतरलेली पापणी, नाकाचा मधला उंचवटा, टोकाला वर वळलेली मिशी आणि किंचित पुढे आलेला खालचा ओठ. कातडीची छिद्रं, गालावरच्या बारीक शिरा, भुवयांचे सुटे केस सगळं गेलं. काम सुरू करण्याआधी घरच्या तिघांना वेगवेगळं विचारा की डोळे मिटल्यावर अप्पांचं काय दिसतं. दोघांच्या उत्तरात जे येईल ते वाढवायचं.

११. पाहुणे ‘वा’ म्हणतात, पण घरच्यांनाच खटकतं. घरच्यांचं मन जड असतं म्हणून का?

मन जड असतंच, पण कारण तेवढंच नाही. ओळखीचा चेहरा आपण अनोळखी चेहऱ्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने ओळखतो. बायकोने तो चेहरा चाळीस वर्षं प्रत्येक उजेडात, प्रत्येक मनःस्थितीत पाहिलेला असतो. पाहुण्याकडे फार तर एक फोटो असतो. पाहुणा पुतळा फोटोशी ताडून पाहतो, बायको माणसाशी. म्हणून चाचणी घरच्यांवर घ्या, आणि मातीत असतानाच घ्या. ‘काय चुकलंय?’ असं विचारू नका. डोळे चुकलेले असले तरी लोक नाकाकडे बोट दाखवतात. ते किती जवळ येतात आणि कुठे उभे राहतात ते पाहा.

कारागिराची स्वतःची नजर इथे कामाची नाही. रोज बघून बघून आपल्याला चुकीची सवय होते.

१२. मग लहान पोरं का घाबरत नाहीत?

काही घाबरतात, पण लहान मुलांमध्ये ही भावना मोठ्यांसारखी पक्की नसते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साधारण नऊ वर्षांखालच्या मुलांना माणसासारखा रोबोट यंत्रासारख्या रोबोटपेक्षा जास्त भीतीदायक वाटला नाही. मोठ्या मुलांना वाटला. म्हणजे ही जाण निदान काही अंशी वाढत्या वयात येते. ‘नातवाला आवडला’ हे प्रमाणपत्र म्हणून घेऊ नका, मी एकदा घेतलं होतं (प्रश्न ५).

१३. यंदा बाजारात पापण्यांचे केस लावलेले, अगदी बाईसारखे गौरीचे मुखवटे आलेत. काही जणींना ते आवडतात, काहींना घरात नको वाटतात. कुणाचं बरोबर?

ज्या आवडीने घेतात त्यांना चूक म्हणणारा मी कोण? पण ‘नको वाटतात’ यामागे कारण आहे. शाडूचा किंवा पितळी मुखवटा तिसऱ्या पायरीच्या खालचा असतो. त्याला खरी साडी, खरे दागिने, खरी फुलं घातली तरी मेळ बिघडत नाही, कारण तो देवीचा चेहरा असतो, कुठल्या एका बाईचा नव्हे. नव्या मुखवट्यात कातडी आणि पापण्या पाचव्या पायरीच्या, पण डोळे मात्र जुन्या प्रथेप्रमाणे मोठे आणि आकर्ण. म्हणजे सेयामा-नागायामांचा प्रयोगच (प्रश्न ३). रंगवणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की डोळे आकर्ण ठेवायचे असतील तर पापण्यांचे केस सोडा आणि रेघेनेच काढा. डोळ्यांचा मोठेपणा तेव्हा शोभतो.

१४. चूक शोधायला फोटो किंवा पुतळा उलटा करून बघतात. तसं करावं का?

प्रमाण तपासायला करा. नाक-ओठातलं अंतर, कानांची उंची वगैरे उलट्या चित्रात नीट दिसतं. पण खटकतंय का हे उलटं करून कधीही ठरवू नका. १९८० साली पीटर थॉम्पसन यांनी मार्गारेट थॅचर यांच्या फोटोतले फक्त डोळे आणि तोंड कापून उलटे चिकटवले. तो फोटो उलटा धरला की जवळपास ठीक वाटतो, सुलटा केला की भयंकर दिसतो. उलट्या चेहऱ्यावर आपली ती चेहरे वाचणारी नजर चालत नाही, म्हणजे हवी असलेली चाचणीच बंद पडते. त्याऐवजी आरशात बघा. चेहरा सुलटाच राहतो, पण सवय मोडते.

१५. मेणाच्या संग्रहालयात पाचव्या पायरीचे पुतळे असतात. कणेरी मठावरचे तर लोक मुद्दाम बघायला जातात. मग ते कसे चालतात?

मेणाच्या चांगल्या कामात खरोखर सगळं पाचव्या पायरीवर नेलेलं असतं. मेण स्वतःच थोडं पारदर्शी असल्याने उजेड आत घेतं, रंग पातळ थरांत चढतो, केस एकेक करून रोवतात. तेवढा वेळ आणि पैसा घरगुती कामात नसतो. शिवाय ते चेहरे आपण फोटोतूनच ओळखत असतो (प्रश्न ११).

कणेरीचं कारण वेगळं आहे. तिथे एकटा चेहरा नाही, अख्खं गाव उभं केलंय. कुंभार, लोहार, नांगर, बैल, विहीर. आपण थोडं लांबून प्रसंग बघतो, कोण काय करतंय ते वाचतो, आणि त्यातला माणूस आपल्या घरचा नसतो. दरीवर अंतराचा उपाय चालतो. दिवाणखान्यात ते अंतर मिळत नाही.

१६. आम्ही मराठी शाळेसाठी कॉम्प्युटरवर गुरुजींचं पात्र केलंय. स्थिर चित्र छान आहे, हलायला लागलं की नकोसं होतं. का?

मोरींनीच लिहून ठेवलंय की हालचाल आली की शिखर उंच होतं आणि दरी खोल. स्थिर चेहऱ्याची पायरी एक होती, हालचालीची दुसरीच निघाली. खऱ्या कातडीचे गुरुजी ठरावीक अंतराने, दर वेळी सारख्याच वेगाने पापण्या मिटत असतील तर ते यंत्र वाटतं. माणूस स्वस्थ असताना मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो, पण कधी दोन पटापट, कधी बराच वेळ नाही.

आवाजाचाही मेळ लागतो. मिचेल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये माणसाच्या चेहऱ्याला यंत्राचा आवाज आणि रोबोटला माणसाचा आवाज देऊन पाहिला. दोन्ही जोड्या मेळ असलेल्या जोड्यांपेक्षा जास्त अस्वस्थ करणाऱ्या ठरल्या. तुमच्याकडे गुरुजींचा खरा आवाज असेल तर तोच ठेवा, पण चेहरा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर आणा आणि हालचालही तितकीच साधी, म्हणजे सेकंदाला १२ चित्रांची, बाहुलीनाट्यासारखी करा. आवाज माणसाचा आणि चेहरा उघडपणे चित्राचा हे कसं चालतं, असं विचाराल. पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्यांमागून माणूसच बोलत आला आहे, आणि पडद्यावरचं चित्र बोलतं तेव्हाही आपण मागे माणूस आहे हे गृहीत धरतो. रोबोट समोर उभा असतो आणि त्याच्या मागे कुणी नसतं.

१७. पुतळा तयार झालाय, घरात कपड्याखाली ठेवलाय. टाकून द्यायचा का?

नाही. बहुतेक पुतळे वाचतात, फक्त खालच्या दिशेने यावं लागतं. फायबर असेल तर याच क्रमाने करा. आधी खरे केस आणि कापड काढा. एवढ्याने बराच फरक पडतो आणि खर्च जवळजवळ नाही. दोन दिवस तसाच ठेवून बघा. मग अख्खा पुतळा, डोळ्यांसकट, एकाच मॅट छटेने रंगवा. आधी प्रायमर मारून बघितलात तर राखाडी रंगातच अंदाज येतो. त्यानंतरही नजर खटकली तरच डोळे काढून भरा आणि कोरा. हे काम जाणत्याकडे द्या, कारण पुट्टी घट्ट व्हायच्या आत दोन्ही डोळ्यांची दिशा जुळवावी लागते. चेहऱ्याच्या आकाराला हात सगळ्यात शेवटी, आणि बऱ्याचदा लावावाच लागत नाही.

प्लास्टरचा पुतळा असेल तर रंग देण्याआधी तो पूर्ण सुकलाय ना बघा. पावसाळ्यात बेळगावात रंगाचा थर आतल्या ओलीने फुगतो आणि सगळ्यात आधी पापण्यांजवळ सुटतो. घाई नसेल तर दिवाळीनंतर घेऊन या.